ॲप काढलं म्हणून पैसे थांबत नाहीत

"दोघांनी मोबाईलवरची तीन ॲप्स उडवली आणि पुढच्या महिन्यापासून पैसे वाचले."

पैसे वाचवायला निघालेल्या एका जोडप्याच्या कथेतलं हे वाक्य, आणि इथंच ती कथा खोटी पडली. आम्हीपण मार्चमध्ये असंच सिनेमाचं एक ॲप उडवलं आणि निवांत झालो. ऑगस्टात राजारामपुरीतल्या खोलीचं भाडं भरताना खात्यात पैसे कमी, म्हणून बायकोनं पासबुक भरून आणलं. दर महिन्याच्या ७ तारखेला १४९ रुपये, पाच वेळा. ७४५ रुपये गेले की! ॲप मोबाईलवरून जातं, पण आपण दिलेली यूपीआय ऑटोपेची परवानगी तशीच राहते. कापायच्या आदल्या दिवशी मेसेज येत होता, तो जाहिरातींच्या गर्दीत कोण वाचतंय! शेवटी यूपीआय ॲपमध्ये ऑटोपेची यादी उघडली, तिथं चार परवानग्या चालू होत्या. एक तर दोन रुपयांत ट्रायल म्हणून घेतलेली. पिन टाकून तीन रद्द केल्या.

चौथी फोटो साठवायच्या जागेची. तीपण मी रद्द करणार होतो, बायकोनं हात धरला. पोरीच्या बारशाचे, रंकाळ्यावरचे सगळे फोटो तिथंच, आणि ती रोज रात्री ते बघत बसते हे मला तेव्हा कळलं. सिनेमाचं ॲप मात्र पाच महिने बंद होतं, घरात कुणी नावसुद्धा काढलं नव्हतं. कथेतल्या जोडप्याला ती यादी एकदा उघडायला लावायची होती.