‘आता हायस्कूल आहे हं!’

चौथीचा निकाल लागला की पहिलं काम करायचं ते हे: मुलाला दिवसातून किमान तीनदा बजावायचं, ‘आता हायस्कूल आहे हं, तिथं तुझे लाड चालायचे नाहीत.’ हायस्कुलात नेमकं काय बदलतं हे मात्र सांगायचं नाही. तेवढा मे महिना पुरतो. जूनमध्ये शाळा उघडते तेव्हा पोरगं आधीच रात्री दचकून उठायला लागलेलं असतं.

शाळेची निवड फार विचारानं करू नका. एप्रिलअखेर हायस्कूलचे दोन सर दारात येतीलच. पट कमी झाला तर तुकडी जाते आणि तुकडी गेली तर शिक्षक अतिरिक्त ठरतात, म्हणून ते भर उन्हात वस्तीवस्तीवर फिरत असतात. त्यांना चहा द्या, दप्तर फुकट मिळणार का ते विचारा. पाचवीच्या वर्गाला गणित कोण शिकवतं, वर्गात मुलं किती, सेमी आहे की पूर्ण मराठी, असले प्रश्न विचारून पाहुण्यांना अवघडवू नका.

सेमी असेल तर डोळे झाकून हो म्हणा आणि पुस्तक जूनपर्यंत उघडू नका. एक नमुना बघा. दोन तृतीयांश आणि तीन चतुर्थांश यांत मोठा कोण, हे तुमच्या मुलीला येतं. छेद बारा करायचा, आठ बारांश आणि नऊ बारांश, म्हणजे दुसरा मोठा. बाईंनी तिच्याकडून हे फळ्यावर करून घेतलंय. पण घटक चाचणीत प्रश्न येतो, ‘कन्व्हर्ट इन्टू लाइक फ्रॅक्शन्स अँड कम्पेअर’. लाइक फ्रॅक्शन्स म्हणजे आपले समच्छेद अपूर्णांक, हे तिला कुणी सांगितलेलंच नाही. ती जागा कोरी सोडते. न्यूमरेटर म्हणजे अंश, डिनॉमिनेटर म्हणजे छेद, असे तीस-चाळीस शब्द मे महिन्यात वहीच्या मागच्या पानावर समोरासमोर लिहून काढले असते तर हे टळलं असतं. पण मग तुम्हाला ‘हिचं गणित कच्चं आहे’ म्हणून जुलैतच क्लास कसा लावता आला असता?

आता वेळापत्रकाकडे वळू. हा आपल्या पद्धतीचा गाभा आहे. चौथीपर्यंत एकच बाई होत्या. मराठीचा धडा लांबला तर त्याच बाई गणिताचा अभ्यास कमी देत, कारण दोन्हीचा हिशेब एकाच डोक्यात असे. पाचवीत सहा-सात डोकी येतात आणि त्यांची आपसांत बोलणी होतीलच असं नाही. प्रत्येकाला वाटतं, मी तर अर्ध्या तासाचंच दिलंय.

समजा मंगळवारी पाच जणांनी गृहपाठ दिला. मराठीची प्रश्नोत्तरं, गणिताची पाच उदाहरणं, हिंदीचं एक पान शुद्धलेखन, परिसर अभ्यासाचा नकाशा आणि एक चित्र. जुन्या सवयीनं मूल समजतं की सगळं उद्या दाखवायचंय. खरं तर उद्या, बुधवारी, फक्त मराठी आणि गणिताचा तास आहे. हिंदी गुरुवारी, परिसर शुक्रवारी आणि चित्रकला थेट पुढच्या मंगळवारी. पण वेळापत्रक बघायचंच नाही, हा आपला नियम. साडेदहापर्यंत पाचही गोष्टी करून घ्या. झोपेनं पेंगत काढलेल्या नकाशात कोकण देशावर चढलं तरी चालेल. बुधवारी नवा गृहपाठ येतो तेव्हा मूल थकलेलं असतं आणि नेमका उद्याचा अभ्यास राहतो.

डायरी ठेवायचीच असेल तर गृहपाठ ज्या दिवशी दिला त्याच दिवसाच्या पानावर लिहायला लावा. चुकूनही ज्या दिवशी दाखवायचा त्या पानावर नको. कारण तसं केलं तर चित्र पुढच्या मंगळवारच्या पानावर जाईल, सोमवारी संध्याकाळी ते पान उघडताच आपोआप आठवेल आणि रंगपेटी वेळेवर दप्तरात जाईल. मग ‘तुझं लक्षच नसतं’ हे वाक्य वापरायला जागा उरत नाही.

दप्तर रात्री भरू नका. सकाळी भरा, रिक्षा दारात उभी असताना. किंवा त्याहून सोपं, सगळ्या विषयांचं सगळं रोजच न्यायला लावा, म्हणजे विसरण्याचा प्रश्नच नाही. दप्तर वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जड नसावं असं सरकारी धोरण आहे. तीस किलोच्या मुलाला म्हणजे तीन किलो. त्यात लिटरभर पाण्याची बाटलीच एक किलो खाते आणि जाड कापडाचं रिकामं दप्तर पाऊण किलोच्या आसपास भरतं. राहिलं सव्वा किलो. दोनशे पानी मोठी वही साधारण साडेतीनशे ग्रॅमची, त्यामुळे प्रत्येक विषयाला तीच घ्या, चार वह्यांतच मर्यादा ओलांडली जाते. शंभर पानी लहान वही शंभरेक ग्रॅमची असते आणि संपली की दुसरी घेता येते, पण त्यात रुबाब नाही. वह्यांवर नाव, तुकडी, हजेरी क्रमांक काही लिहू नका. तपासायला गेलेला साठ वह्यांचा गठ्ठा शिक्षकखोलीतून परत येताना आपली वही कुठे जाते, हे शोधण्यात मुलाची मधली सुट्टी छान जाते.

मैत्रीची चिंता शाळेवर सोडा. पाच-सहा वाड्यांची मुलं एकत्र येतात, त्यात तुमच्या गावची चार असतात आणि तुकड्या पाडताना ती अ, ब, क मध्ये विखुरतात. पहिल्या आठवड्यात मुख्याध्यापकांना भेटून ‘गावातली निदान दोघं एका तुकडीत ठेवता येतील का’ असं विचारलं तर बरेचदा जमतं. पटावर नावं पक्की झाली की अवघड होतं. म्हणून ऑगस्टमध्ये जा आणि सोबत भावकीतली चार माणसं न्या.

मूल सवयीनं सरांना ‘बाई’ म्हणून हाक मारेल आणि वर्ग हसेल. घरी तुम्हीही हसा. लघवीला जायला कोणाला विचारायचं, स्वच्छतागृह कुठे आहे, हे पहिल्या दिवशी दाखवून देणारे पालक उगाच लाड करतात. न दाखवल्याचा परिणाम मुलींमध्ये लवकर दिसतो. बाटली सकाळी जशी भरली तशीच संध्याकाळी परत येते. ते बघून ‘पाणी का पीत नाहीस’ म्हणून ओरडा. कारण विचारू नका.

आणि काही बिनसलंच तर वर्गशिक्षकांना भेटू नका. त्यांच्याकडे सगळ्या विषयांची गोळाबेरीज असते, पाच जणांचा गृहपाठ एकाच दिवशी पडतोय हे त्यांना दाखवलं तर ते दोघांशी बोलून तो पुढेमागे करून घेऊ शकतात. त्याऐवजी फाटकापाशी जे पहिले सर दिसतील त्यांना गाठा. ते बहुधा नववीचे विज्ञानाचे असतील. ते नम्रपणे म्हणतील, ‘पाचवीला मी नाही हो.’ घरी येऊन सांगा, ‘हायस्कुलात कोण कुणाचं ऐकत नाही, मी आधीच म्हटलं होतं.’