फक्त शांत हवंय

मावशीचा फोन आला तेव्हा मी कुणाच्या तरी बाथरूमला टाइल्स लावत होतो. संगणकात. घराचं काम सुरू व्हायच्या आधी ते पूर्ण झाल्यावर कसं दिसेल याची चित्रं बनवून द्यायची, हा माझा धंदा. याला आमच्यात रेंडर म्हणतात. घरच्यांना आजवर ते नीट कळलेलं नाही. मी दिवसभर गेम खेळतो आणि त्याचे पैसे मिळतात, अशी त्यांची समजूत आहे.

"कामात आहेस का रे?"

"हो."

"बरं, मग आधी माझं कर."

मावशीच्या भिंतीत एक कोनाडा आहे. तिथे देवघर करायचं होतं. सागवानी, वर नक्षीची महिरप, पितळी समया दोन आणि मंद, ऊबदार उजेड. सुतार म्हणाला होता, चित्र दाखवा, तस्सं करून देतो.

"आणि पसारा नको हं," मावशी म्हणाली. "मला बाकी काही नको. फक्त शांत हवंय."

'फक्त' म्हणणाऱ्या माणसांपासून जपून राहावं, हे मी धंद्यात शिकलो होतो. पण मावशीपासून जपून कुठे राहणार?

काकांनी कोनाड्याची मापं पाठवली. रुंदी ९० सेंटीमीटर, उंची १२०. खोली त्यांनी तीनदा मोजली आणि तिन्ही वेळा वेगळी आली, म्हणून मी मधली धरली, ४५. संध्याकाळपर्यंत चौकट उभी राहिली. समई तर अगदीच सोपी. तिची निम्मी बाह्यरेषा काढायची आणि ती मधल्या अक्षाभोवती गरकन फिरवायची, की लेथवर कातल्यासारखी अख्खी समई तयार. वातीच्या पाच चोची तेवढ्या हाताने ओढाव्या लागतात. मटेरियलमध्ये Metallic पूर्ण केलं, रंग पितळी दिला, पृष्ठभाग किंचित खरखरीत ठेवला आणि बटण दाबून चहा करायला गेलो.

परत येऊन बघतो तर लाकूड झकास दिसतंय आणि त्याच्यापुढे दोन काळ्या छत्र्या उभ्या आहेत.

त्या समया होत्या. मी रंग आणखी पिवळा केला. काळ्याच. केशरी केला. काळ्याच, फक्त कडांना जरा कावलेल्या. मग दिव्यांचा उजेड दुप्पट केला तेव्हा मागचं लाकूड पांढरं पडलं आणि समया त्याच्यापुढे जास्तच काळ्या दिसू लागल्या.

चूक नवशिक्याची होती आणि मी ती धंद्याच्या अकराव्या वर्षी केली. लाकडावर पडलेला उजेड लाकूड चारी दिशांना पसरवतं, म्हणून लाकडाला स्वतःचा रंग दिसतो. धातूचं तसं नसतं. धातू पसरवत काही नाही, समोर जे असेल ते परत दाखवतो. पितळ म्हणजे पिवळ्या काचेचा चष्मा घातलेला आरसा. आणि माझ्या समईच्या समोर काय होतं? काहीच नाही. पसारा नको म्हणून मी देवघराची तीन अंगं बांधली होती, पण कॅमेऱ्याच्या मागे खोलीच बांधली नव्हती. तिथे नुसता काळा शून्य होता, आणि माझ्या समया त्या शून्याचं इमानदारीने प्रतिबिंब दाखवत होत्या. शांत म्हणाल तर याहून शांत काही नाही.

म्हणजे समोर पसारा नको असेल तर मागे पसारा हवाच. मी फोनने माझ्याच हॉलचा चारी बाजूंचा गोल फोटो काढला आणि तो देखाव्याभोवती घुमटासारखा गुंडाळला. समयांमध्ये लगेच जीव आला. पोटाच्या गोलाईवर खिडकी वाकली, कुठे कपाटाची सावली लांबली. पण दांडा अजून निस्तेज होता. मग समईच्या डाव्या हाताला एक उंच, अरुंद, पांढरा, स्वतः उजळणारा फळा उभा केला. उभ्या गोल दांड्यात तो फळा एका लांब, चकचकीत रेघेसारखा दिसतो आणि आपल्याला वाटतं, काय घासलीय समई! दागिन्यांचे फोटो काढणारे पांढरे पुठ्ठे धरून बसतात ते याच्यासाठीच. त्या रेघेला लागून एक काळा पुठ्ठाही लागतो, नाहीतर कड मागच्या लाकडात विरघळते. फळा चित्रात डोकावू लागला, तेव्हा त्याच्या Ray Visibility मधल्या Camera ची खूण काढली. आता तो समईला दिसत होता, मला नाही.

पहिलं चित्र मावशीला पाठवलं. पाच मिनिटांत फोन.

"देवांना कावीळ झालीय का रे?"

झाली होती. तिने ऊबदार उजेड मागितला, म्हणून मी सगळंच ऊबदार केलं होतं. ज्योतीचा उजेड साधारण १९०० केल्विनचा धरतात, म्हणजे चांगलाच तांबूस. वरच्या छुप्या दिव्यांच्या पट्टीलाही मी २७०० दिलं होतं. त्यातून लाकूड तांबूस, पितळ पिवळं. सगळंच पिवळं झालं की डोळ्याला पिवळेपणा कळेनासा होतो, उरतो तो आजार. मी ज्योती तशाच ठेवल्या, वरची पट्टी मंद केली आणि डावीकडून, जणू पहाटेच्या खिडकीतून येतोय असा, अगदी फिका निळसर उजेड सोडला. इतका फिका की मुद्दाम शोधला तरच सापडावा. शेजारी गारवा आला तशी ज्योत एकदम उबदार दिसू लागली.

"आता बरे दिसतायत," मावशी म्हणाली. "तेवढा बाळकृष्ण घे."

बाळकृष्ण घेतला. दुसऱ्या दिवशी शंख आला, मग घंटा, मग करंडा, पोथी, काकांच्या आईंचा फोटो आणि कुणीतरी कुठूनतरी आणलेली छोटी पितळी गाय. प्रत्येक वस्तूसोबत एकच निरोप, "पण पसारा नको." शेवटी मी देवांच्या पायऱ्यांखाली १२ सेंटीमीटर उंचीचा एक खण काढला आणि सांगितलं की काडेपेटी, वाती, तेलाची बाटली आणि गाय यात.

"गाय खणात?"

गाय बाहेर राहिली.

मधल्या काळात चित्र सुताराने बघितलं. तो एकच वाक्य बोलला, आणि माझी सगळी विद्या तिथेच संपली. "समई आत ठेवली तर महिरप काळी होणार." खरंच की. माझ्या संगणकात तेल जळत नाही, काजळी धरत नाही, आणि मी दोन्ही समया नक्षीच्या बरोबर खाली मांडून मोकळा झालो होतो. मुकाट्याने त्या कोनाड्याबाहेर, दोन्ही बाजूंना काढल्या. याचा एक फायदा मात्र मला अपेक्षित नव्हता. मघाशी समया आत होत्या तेव्हा नक्षीच्या दर्शनी अंगावर फक्त खोलीचा, समोरचा उजेड पडत होता, त्यामुळे कोरीवकाम कागदावर छापल्यासारखं सपाट दिसायचं. आता ज्योतींचा उजेड बाजूने, खालून, तिरका घासत जाऊ लागला. प्रत्येक पाकळीला स्वतःची सावली मिळाली आणि महिरप उठून आली. हे मला सुचलं होतं असं मी मावशीला सांगितलं. सुताराला नाही.

मग काजवे आले.

चित्रभर, लाकडावर, भिंतीवर, देवांच्या गालांवर पांढरेशुभ्र डाग. आमच्या धंद्यात त्यांना खरोखर काजवेच म्हणतात, फायरफ्लाय. संगणक उजेडाचा माग किरण सोडून काढतो. लाकडावरून उडालेला एखादा किरण चुकून समईवर आपटतो, तिथून नेमका त्या इवल्याशा ज्योतीत घुसतो आणि तिचं सगळं तेज घेऊन परत येतो. असा भाग्यवान हजारांत एखादाच, त्यामुळे चित्रातल्या शेजारच्या ठिपक्यांना काहीच मिळत नाही आणि हा एकटा झगमगतो.

मी आळशी उपाय केला. डाग पुसणारा डिनॉइझर लावला. त्याने काजवे पुसले, आणि बाळकृष्णाचं नाकही पुसलं. महिरपीतली कमळं तर कुणीतरी मेणाची करून उन्हात ठेवल्यासारखी ओघळली. त्या यंत्राचाही दोष नाही. बारीक नक्षी आणि डाग यांतला फरक त्याला कळत नव्हता, कारण मी त्याला मुळात कच्चं चित्र दिलं होतं. दर ठिपक्याला किरण वाढवावेत, तर डाग निम्मे करायला किरण चौपट लागतात. वीस मिनिटांचं चित्र ऐंशी मिनिटांवर जातं, आणि त्याहून निम्मे करायचे तर पाच तासांच्या वर.

म्हणून ज्योतीचीच फाळणी केली. दिसणारी ज्योत नुसती दिसायला ठेवली, तिचा उजेड कुठेही पडणार नाही असं बघितलं. आणि तिच्याच जागी एक अदृश्य, सुपारीएवढा दिवा लावला. तो उजेड देतो, पण दिसत नाही. असा दिवा संगणकाला आधीच ठाऊक असतो, किरणांना त्याला आंधळेपणाने शोधत फिरावं लागत नाही. काजवे गेले. नाक परत आलं. हे मी काकांना समजावून सांगितलं, तर ते म्हणाले, "जो दिसतो तो काही करत नाही आणि जो करतो तो दिसत नाही. म्हणजे आमचं ऑफिस."

रात्री अडीचला शेवटचं चित्र निघालं. खरं सांगतो, मीच थोडा वेळ बघत बसलो. सागवानी कमान, तिच्या पाकळ्यांतल्या सावल्या, दोन समया, मधे देव. फळीवर गरजेपेक्षा एक वस्तू जास्त नाही. (गाय सोडून.) मागे मात्र दोन पांढरे फळे, दोन काळे पुठ्ठे, एक खोटी पहाट, दहा अदृश्य दिवे आणि गुंडाळून ठेवलेला माझा अख्खा हॉल. पाठवलं आणि झोपलो.

सकाळी सातला फोन.

"फार सुंदर झालंय रे. अगदी हवं तसं. फक्त…"

मी उठून बसलो.

"उजवीकडच्या समईत टॉवेल कुणाचा वाळतोय?"

शक्यच नव्हतं. मी चित्र उघडलं, समईच्या पोटावर मोठं केलं, आणखी मोठं केलं. माझा हॉल तिथे वाकून बसला होता. खिडकी होती, खिडकीत दोरी होती, आणि दोरीवर, दोन्ही चिमट्यांसकट, माझा पांढरा टॉवेल.

गोल फोटोतून टॉवेल पुसला आणि उजवी समई परत रेंडर केली. तिचं पोट पार विझलं. त्या समईवरची जी झळाळी मी रात्री अभिमानाने बघत होतो, ती टॉवेलची होती. पुढचे दोन तास फळे पुढेमागे सरकवले, उजेड वाढवून बघितला, काही जमेना. शेवटी त्याच जागी, त्याच मापाचा, तितकाच वाकडा एक पांढरा चौकोन टांगला. चिमटे तेवढे लावले नाहीत.

"हां," मावशी म्हणाली. "आता कसं शांत वाटतंय."