वाघाचं स्पेलिंग

विश्रामबागेत झेरॉक्सच्या दुकानात रेझ्युमेच्या प्रिंट काढत होतो, तेवढ्यात एचआर मॅडमचा फोन. "लिंक उघडत नाहीये, गिटहबचं यूझरनेम सांगता का?" ऐन गर्दीत सांगावं लागलं, "सांगलीचा, डॅश, वाघ, डॅश, झिरो झिरो सेव्हन." पलीकडे शांतता. मग, "वाघचं स्पेलिंग?"

गिटहबवर, म्हणजे आम्ही कोड ठेवतो त्या साइटवर, हे बारसं हॉस्टेलमधल्या रूममेटनं केलेलं. तो आता बंगळुरात, वाघ माझ्या गळ्यात.

फोन ठेवला तर हळदीच्या सौद्याच्या पट्ट्या झेरॉक्स करायला आलेले एक काका माझ्याकडंच बघत होते.

"वाघ कोन?"

"मीच. बदलतोय. जरा भारदस्त नाव पायजे."

"मग बापाचं नाव लाव की! कुठला तू?"

"कवठेमहांकाळ."

"गावबी लाव. मान्सानं मुळासकट दिसावं."

नुसतं नाव-आडनाव आधीच कुणीतरी घेतलेलं होतं. पाटलांना कुठल्याही रांगेत पुढं एक पाटील असतोच. लॅपटॉप काउंटरवर ठेवला. काकांनी सुचवलेलं 'इंजि.' टिंबावर अडलं, कारण तिथं फक्त इंग्रजी अक्षरं, आकडे आणि डॅश चालतो. डॅशही सुरुवातीला नाही, शेवटी नाही, लागोपाठ दोन नाहीत. अंडरस्कोअरला तर दारातच बंदी. शेवटी काकांच्या मर्जीनं टाइप केलं:

`shrinivas-dnyandev-patil-kavathe-mahankal`

नापास. मर्यादा 39 अक्षरांची, हे भरलं 41.

"दोनच जास्त हायत व्हय? सांग त्यास्नी, घ्या म्हनावं अॅडजस्ट करून."

"सांगायला तिथं कुणी नसतंय, काका."

"मग गावातला डॅश काढ."

"40."

काका घाम पुसत म्हणाले, "बापाच्या नावाला हात लावायचा न्हाई हां."

जन्मसाल जोडायचा सल्ला दुकानदारानं दिला. म्हणजे वय आम्हीच उघड करायचं! शेवटी नाव, वडिलांचं आद्याक्षर, आडनाव असं सलग लिहिलं. फोनवर एका दमात, स्पेलिंग न विचारता सांगता येईल असं. काका नाराज होऊन पट्ट्या घेऊन गेले.

पण बदल म्हणजे नुसती पाटी रंगवणं नव्हे. जुन्या रेपॉझिटरीच्या, म्हणजे कोडच्या फोल्डरच्या, लिंका आपोआप नव्या पत्त्यावर जातात, प्रोफाइलची लिंक मात्र जात नाही, तिथं 404 येतो. म्हणजे आधी वाटलेले सगळे रेझ्युमे रद्दी. वर जुनं नाव मोकळं होतं. उद्या कुणीही वाघ व्हावं, त्याच नावाची रेपॉझिटरी उघडावी, की माझी तिकडची वळवणही बंद. गिटहबवरच्या फुकट वेबसाइटच्या पत्त्यातही यूझरनेमच असतं, तोही बदलला. कमिट, म्हणजे कोडमधल्या बदलांच्या नोंदी, तेवढ्या ईमेलवर बांधलेल्या, म्हणून माझ्या नावावर राहिल्या.

नव्या लिंकेसह रेझ्युमे पुन्हा छापले, पुन्हा पाठवले. इंटरव्ह्यूला बोलावलं. प्रोफाइल कुणी उघडलंसुद्धा नाही. दहावीला गणितात किती होते, एवढंच विचारलं.