नागपंचमी राहिली!

वहिनींनी रांगोळी काढली, पुतण्याने मोबाइलवर तिचा यूट्यूबसाठी व्हिडिओ केला आणि "भावजी, तेवढं खाली वर्णन लिहून द्या" म्हणून वहिनींनी तो माझ्या गळ्यात घातला. मी लिहायला बसलो आणि तेवढ्यात शेजारचे काका पेपर परत द्यायला आले. ते अजून उठले नाहीत असं मला अधूनमधून वाटतं.

रांगोळी साधी होती, सहा पाकळ्यांचं कमळ. मी शीर्षक लिहिलं: "15 ते 8 ठिपक्यांची कमळ रांगोळी, लक्ष्मीपूजन आणि मार्गशीर्ष गुरुवार". काकांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला.

"हे काय गणित घातलंयस? 'अप्रतिम मनमोहक रांगोळी' लिही."

"काका, 'मनमोहक' असं टाकून कोण शोधतं? बाई दारात रांगोळीचा डबा घेऊन बसलेली असते. तिला ठिपके किती ते हवं असतं."

"मग '15 ठिपके' लिही की! 'ते 8' कशाला?"

आता हे समजावायचं म्हणजे ठिपके मांडूनच दाखवायला हवेत. मधल्या ओळीत 15, मग वरखाली एकेक कमी करत 8 पर्यंत, आणि प्रत्येक ठिपका आधीच्या दोन ठिपक्यांच्या मधोमध. असे एकूण 169 होतात आणि आकार षटकोनी येतो, म्हणूनच सहा पाकळ्या बसतात. नुसतं "15 ठिपके" वाचून एखादीने 15 बाय 15 सरळ ओळीत टाकले, तर 225 ठिपके टाकून तिची कंबर मोडते आणि वर कमळही जमत नाही. मग ती व्हिडिओखाली जे लिहिते ते वहिनींना वाचावं लागतं, काकांना नाही.

काकांनी हे सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "संक्रांत का नाही घातलीस?"

"पतंग नाहीये यात."

काकांनी मान खांद्यावर टाकून मोबाइलकडे पाहिलं. "ही पाकळी बघ. अशी बघितली तर पतंगच आहे." मग ते मोबाइलच तिरपा करू लागले. "शेपूट तेवढी नाही. आणि गुढीपाडवा?"

"गुढी कुठंय?"

"देठ आहे ना!"

असे एकामागून एक सण येत गेले. वसुबारसेला गाय नव्हती, तुळशीच्या लग्नाला वृंदावन नव्हतं, पण काकांचं म्हणणं, "कमळ कुठल्या देवाला चालत नाही?" यात थोडं तथ्य आहे, हेच जास्त चिडवणारं होतं. कमळ लक्ष्मीचं, म्हणून लक्ष्मीपूजन आणि मार्गशीर्षातले गुरुवार ही दोन नावं मी घातलीच होती. पण पाडव्याची रांगोळी शोधणारीला गुढी दिसली नाही तर ती दुसऱ्या क्षणी व्हिडिओ बंद करते, आणि पुढच्या वेळी वहिनींचं नाव दिसलं तरी थांबत नाही.

मागे वहिनींच्या मेंदीच्या व्हिडिओवर काकांनी "नवरी स्पेशल" घालायला लावलं होतं. होती मागच्या हातावरची अरेबिक वेल, एका बोटावरून मनगटाकडे तिरकी उतरणारी, बाकीचा हात मोकळा. नवरीला कोपरापर्यंत भरीव मेंदी हवी असते! तिथे मुळात "मागचा हात, अरेबिक, सोपी वेल" एवढंच पुरे होतं, फार तर रोमन लिपीत `mehndi` आणि `mehendi` दोन्ही, कारण लोक दोन्ही लिहितात. काकांच्या मते मात्र सोपं म्हटलं की मान जातो.

शेवटी मी चहा टाकायला उठलो. आलो तेव्हा काका पुतण्याला हॅशटॅग सांगत होते आणि तो इमानेइतबारे टाइप करत होता: `#diwali #holi #rakhi #ganpati`, पाठोपाठ बारशापासून गृहप्रवेशापर्यंत सगळं. यूट्यूबवर एका व्हिडिओला 60 पेक्षा जास्त हॅशटॅग झाले की सगळेच दुर्लक्षिले जातात, कामाचेही. मी हे सांगितलं. काका म्हणाले, "मग 60 च्या आत बसव. पण नागपंचमी राहिली, ती घाल."

मी रात्री सगळं पुसून पाचच ठेवले: `#rangoli #kamalrangoli #15to8dots #laxmipujan #margashirsha`. वर्णनाच्या पहिल्याच ओळीत ठिपक्यांची मांडणी लिहिली, कारण खालचं वाचायला "आणखी" दाबावं लागतं आणि ते कोणी दाबत नाही. सकाळी पहिली कमेंट आली: "खूप छान ताई, ठिपके किती?"

दुपारी काकांनी व्हिडिओ सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. सोबत लिहिलं होतं: "शेजारच्या सूनबाईंची कला. मार्गदर्शन माझे."