सहज मेसेज केला

रविवारी रात्री साडेनऊला फोन वाजला. लिंक्डइनवर कळलं, की मॅडमनी नोकरी बदलली. माझ्या मनात एकदम दोन विचार आले. एक, ‘अरे वा, छान झालं!’ आणि दुसरा, ‘त्यांच्या नव्या कंपनीत पुस्तिका कोण लिहीत असेल?’ खरं सांगायचं तर दुसरा आधी आला.

मी यंत्रांच्या माहितीपुस्तिका लिहितो. पंप विकत घेतल्यावर खोक्यातून निघते आणि कुणी न वाचताच कपाटात जाते, ती पुस्तिका. मॅडम त्यांच्या जुन्या कंपनीत या कामाच्या प्रमुख होत्या. तीन वर्षांपूर्वी त्यांच्यासाठी दोन पुस्तिका केल्या. काम संपलं आणि बोलणंही संपलं. भांडण वगैरे काही नाही. मी त्यांच्या फोटोला अंगठा दाखवायचा, त्यांनी माझ्या फोटोला, एवढ्यावर आमचे संबंध टिकून होते.

मी लगेच लिहायला बसलो. ‘मॅडम, हार्दिक अभिनंदन! नव्या जबाबदारीसाठी शुभेच्छा. तुमच्याकडे पुस्तिकांचं काम निघालं तर मी आहेच.’

बायकोनं खांद्यावरून वाचलं. “हे अभिनंदन आहे की कोटेशन?”

मी शेवटचं वाक्य खोडलं आणि लिहिलं, ‘काही लागलं तर हक्कानं सांगा.’ ती म्हणाली, “त्यांना काय लागणारे? लागलंय तुला.” मग ‘एकदा सहज भेटूया’ असं लिहून पाहिलं. यावर ती नुसती हसली. ‘सहज’ हा आपल्या भाषेतला सगळ्यात संशयास्पद शब्द आहे. ‘सहज फोन केला’ असं ऐकलं, की ऐकणारा मनातल्या मनात पाकीट चाचपतो.

अकरा खर्डे झाले. दर वेळी मागणी दाराबाहेर काढावी, तर ती खिडकीतून परत आत. शेवटी मी वैतागून म्हटलं, “अगं, यात लाजायचं काय? ग्रानोव्हेटर नावाच्या समाजशास्त्रज्ञानं १९७३ सालीच लिहून ठेवलंय. ज्यांना ओळखीतून नोकरी लागली, त्यांतल्या सहांपैकी जेमतेम एकाला ती नेहमी भेटणाऱ्या माणसाकडून कळली होती. बाकीच्यांना अधूनमधून किंवा क्वचित भेटणाऱ्यांकडून. लांबच्या ओळखीच कामाला येतात!”

“मग त्या लांबच राहू देत की,” ती म्हणाली. “पहिल्याच ओळीत गळ्यात कशाला पडतोस?”

खर्डा तसाच ठेवून मी आधी बातमी खरी आहे का ते पाहिलं. ही सवय मला ठेच लागून लागली आहे. मागे एका ओळखीच्यांची अशीच सूचना आली होती. मी तीन उद्गारचिन्हं लावून अभिनंदन केलं. त्यांनी फक्त पदाचं नाव दुरुस्त केलं होतं. खुर्ची तीच, टेबल तेच, साहेबही तोच. दुसऱ्या एकाच्या नावापुढे ‘स्वतंत्र सल्लागार’ असं झळकलं. मी ‘धाडसी निर्णय!’ असं लिहिलं. निर्णय धाडसी होता खरा, पण तो कंपनीनं घेतला होता. तेव्हापासून ‘स्वतंत्र सल्लागार’ दिसलं, की मी अभिनंदन करत नाही. नुसतं ‘कसे आहात?’ विचारतो आणि पुढचं त्यांच्यावर सोडतो.

मॅडमचं तसं नव्हतं. नवी कंपनी, वरचं पद, सुरुवात गेल्या महिन्यात. म्हणजे सूचना मला आज आली, पण त्या रुजू होऊन तीन आठवडे झाले होते. बरेच लोक नव्या जागी बूड टेकल्यावरच नोंद बदलतात. तिच्याखाली एव्हाना दोनशेच्या वर अभिनंदनं साचली होती आणि बहुतेक सगळी एकाच साच्यातली. त्या संकेतस्थळावर तयार वाक्याचं बटण असतं, ते दाबलं की झालं. त्या गर्दीत दोनशे अकरावा म्हणून उभं राहण्यात मला अर्थ दिसेना. तिथे आपलं नाव नुसतं मोजलं जातं, वाचलं जात नाही.

शिवाय पहिल्या महिन्यात नव्या माणसाच्या हातात काही नसतं. आज लॅपटॉप मिळाला तर पासवर्ड उद्या, कुठलं दालन कुठे आहे ते परवा. आधीच्या माणसानं कुणाला कामं देऊन ठेवली आहेत आणि पैसे कुठल्या खात्यातून निघतात, हे कळायलाच दोन-तीन महिने जातात. त्याआधी काम मागणं म्हणजे भाडेकरूला घराचा रंग विचारण्यासारखं. त्याला ‘हो’ म्हणता येत नाही, आणि ‘नाही’ म्हणायची वेळ आणलीत म्हणून पुढे तो तुम्हाला टाळतो. हे सगळं मला पक्कं ठाऊक होतं. तरी अकरा खर्डे झाले, ते वेगळं.

मी दहा दिवस थांबलो. उशिरा आलेलं अभिनंदन एकटं येतं आणि म्हणून नीट वाचलं जातं, असा माझा हिशोब होता. (यात आळसाचा वाटा किती, हे बायकोला विचारू नये.)

आता पाठवायचं कुठे? मॅडमचा माझ्याकडे जुन्या कंपनीतलाच ईमेल होता. नोकरी बदललेल्या माणसाच्या जुन्या पत्त्यावर पत्र टाकलं, की नशीब चांगलं असेल तर ते `550 5.1.1` असा आकडा घेऊन परत येतं. म्हणजे या नावाचं इथे कुणी राहत नाही. नशीब वाईट असेल तर ते परत येत नाही. गेलेल्या माणसाची टपालपेटी बरेचदा काही महिने त्याच्या वरिष्ठाकडे वळवलेली असते, गिऱ्हाइकांची पत्रं बुडू नयेत म्हणून. मला हे दोन वर्षांपूर्वी समजलं. एका जुन्या स्नेह्याला मी मोठ्या प्रेमानं लिहिलं होतं, ‘अभिनंदन! सुटलात एकदाचे!’ उत्तर आलं त्यांच्या साहेबांचं. ‘आपला संदेश पोचला. ते सुटले आहेत. आपण कशातून म्हणता, ते कळल्यास बरे होईल.’ हे साहेब तेव्हा माझेही गिऱ्हाईक होते. होते.

म्हणून मॅडमना लिंक्डइनवरूनच, पण खासगीत लिहायचं ठरवलं. तिथे आणखी एक फायदा आहे, ईमेलची सही आपोआप चिकटत नाही. माझ्या सहीत माझं नाव, धंदा, संकेतस्थळ आणि ‘पहिली चर्चा विनामूल्य’ असं सगळं आहे. वर कितीही निरपेक्ष लिहा, खाली सही चुगली करते.

मग काय लिहायचं ते एकदम सुचलं. आम्ही दोघांनीच पाहिलेली एक गोष्ट होती. पंपाच्या पुस्तिकेत पान ४७ वर आकृतीतला बाण उलटा पडला होता, पाणी बाहेर पडायच्या तोंडातून आत शिरत होतं. मजकूर छपाईला जाण्याच्या आदल्या संध्याकाळी मॅडमचा फोन आला होता, “अहो, हा पंप पाणी चढवतो की पितो?” मी लिहिलं:

‘मॅडम, नव्या जागेबद्दल मनापासून अभिनंदन. परवा एका आकृतीत बाण काढताना पान ४७ आठवलं. तुम्ही पाहिलं नसतं तर तो पंप अजून पाणी पीत असता. तिथल्या लोकांचे बाण आता सरळ होतील याची खात्री आहे. उत्तराची घाई नाही.’

इतकंच. जुनी नोकरी का सोडली, तिथे आता कोण आलं, हेही विचारलं नाही. पहिल्या प्रश्नाचं खरं उत्तर कुणी लिहून देत नाही. दुसऱ्यात तर माझा स्वार्थ उघडा पडला असता, कारण मॅडमच्या रिकाम्या खुर्चीत कोण बसलं हे मला हवंच होतं. जुनी कंपनी अजूनही पुस्तिका छापतेच आणि नव्या माणसाला माझं नावही ठाऊक नसणार. पण त्यासाठी मी कंपनीत सरळ वेगळा फोन केला. जाणाऱ्या माणसाला त्याच्याच वारसाचा पत्ता विचारणं बरं दिसत नाही.

बायकोनं वाचलं. “यात तू काहीच मागितलं नाहीस,” ती संशयानं म्हणाली.

“नाही ना!”

“‘उत्तराची घाई नाही’ कशाला? म्हणजे उत्तर हवंय.”

मी ते वाक्य ठेवलं. एवढा स्वाभिमान मला आहे.

पाठवलं, आणि खरी परीक्षा सुरू झाली. पहिल्या दिवशी नऊ वेळा उघडून पाहिलं. चौथ्या दिवशी वाटलं, पान ४७ ची आठवण काढणं म्हणजे मीच माझी चूक त्यांच्या लक्षात आणून देणं नव्हे का? काम मागायच्या आधीच नालायकीचा पुरावा धाडला! बायको म्हणाली, “चूक मान्य करणारा लेखक स्वस्तात मिळत नाही.” मी हे कौतुक समजलो.

नवव्या दिवशी उत्तर आलं. ‘हाहा! पान ४७! इथे तर पान ३ पासूनच सुरुवात आहे. तुमचं काय चाललंय?’

नुसतं ‘थँक यू’ किंवा हात जोडल्याचं चित्र आलं असतं, तर मी तिथेच थांबलो असतो. ती पोच असते, बोलावणं नसतं. इथे मात्र प्रश्न होता, शिवाय ‘पान ३ पासून’ हा अख्खा खजिना. हात शिवशिवले. ‘नमुना पाठवू का?’ इतकं टाइपही झालं. पण मॅडम हसल्या होत्या, त्यांनी काम काढलं नव्हतं. त्या दोहोंमध्ये निदान एक महिना असतो. मी लिहिलं, ‘सध्या एका शिलाई यंत्राची पुस्तिका करतोय. सुईपर्यंत पोचलोय.’ आणि त्यांच्या पान ३ बद्दल विचारलं, की नेमकं काय झालंय. त्यांनी पाच ओळी लिहिल्या. एकाच भागाला पुस्तिकेत तीन नावं होती, त्यामुळे सुटे भाग चुकीचे मागवले जात होते. अशी नावं जुळवायला मी एक साधा तक्ता वापरतो. तो कोरा तक्ता त्यांना पाठवून दिला, सहीशिवाय. त्यांनी ‘उपयोगी आहे’ असं कळवलं. पुन्हा शांतता.

माझं ठरलं होतं, की रुजू होऊन तीन महिने झाले की सरळ विचारायचं. आडून नाही, ‘सहज’ नाही. ‘पुस्तिकांचं काम बाहेर देणार असाल तर मला विचारात घ्याल का? नसेल तर तसं सांगा, चालेल.’ वाक्य लिहून ठेवलं होतं. तारीखही कॅलेंडरात टाकली होती.

तारखेला चार दिवस उरले असताना रात्री फोन वाजला. मॅडम. ‘नमस्कार! सहज मेसेज केला. कसे आहात?’

मी बायकोला हाक मारली. “सहज म्हणतायत! काहीतरी काम असणार!”

‘मजेत. तुम्ही?’ मी लिहिलं. पलीकडे तीन ठिपके नाचायला लागले. थांबले. पुन्हा नाचले. पुन्हा थांबले. अर्धा तास आम्ही दोघं त्या ठिपक्यांकडे बघत बसलो.

“खोडतायत,” बायको म्हणाली. “त्यांच्याही घरी कुणीतरी खांद्यावरून वाचत असेल.”