झोपलेलं खातं बिल वाढवत नाही

"लॉगिन सेवेत जेवढी खाती तेवढं बिल. बंद पडलेली आणि टेस्टची खातीही मोजतात. म्हणून दर महिनाअखेरीस ती उडवून टाका."

हा संदेश माझ्या भाच्याकडे आला. द्राक्ष बागायतदारांना औषधं-खतं पोचवणारं त्याचं ॲप आहे, नाशिकहून चालतं. 14,000 खात्यांपैकी जूनमध्ये ॲप उघडलं जेमतेम 2,600 जणांनी, म्हणून उरलेली सगळी उडवायला तो बसला होता. "मामा, फुकट पैसे जातायत," असा फोन केला म्हणून थांबवता आलं.

उडवण्याचा सल्ला देणाऱ्यांचा मला राग येतो. भाचा अ‍ॅमेझॉन कॉग्निटो ही लॉगिन सेवा वापरतो. तिथे प्रत्येक खात्याला `sub` नावाचा कायमचा क्रमांक मिळतो आणि त्याच्याकडच्या ऑर्डर आणि उधारी त्याच क्रमांकाला बांधलेल्या आहेत. खातं उडवलं की क्रमांक गेला. ऑक्टोबर छाटणीला तोच शेतकरी त्याच मोबाईल नंबरने परत आला तरी नवा क्रमांक मिळेल, आणि त्याची जुनी उधारी कोणाच्याच नावावर राहणार नाही.

बरं, वाचणार काय होतं? कॉग्निटोच्या दरपत्रकात स्पष्ट आहे: कॅलेंडर महिन्यात साइन-अप, लॉगिन, टोकन रिफ्रेश, पासवर्ड बदल किंवा खात्याच्या माहितीत बदल असं काही घडलं, तरच ते खातं त्या महिन्यात सक्रिय धरतात, आणि तेही एकदाच. नुसतं पडून असलेलं खातं मोजत नाहीत.

मग जूनच्या बिलात सगळी 14,000 खाती सक्रिय कशी धरली? ही यादी त्याच्याकडून काढून घेतली:

```
aws cognito-idp list-users --user-pool-id POOL_ID \
  --query "Users[].[Username,UserLastModifiedDate]"
```

वर्षभर न फिरकलेल्यांच्या खात्यांवरही शेवटच्या बदलाची वेळ त्याच दिवशीची, रात्री 2 ची. त्याचीच स्क्रिप्ट रोज रात्री प्रत्येक खात्यात उधारीची रक्कम लिहीत होती, म्हणजे झोपलेल्यांना तीच उठवत होती. एसेन्शियल्स प्लॅनमध्ये पहिले 10,000 मोफत, पुढे दर वापरकर्त्यामागे 0.015 डॉलर, म्हणजे 4,000 चे 60 डॉलर. रक्कम आता त्याच्या स्वतःच्या डेटाबेसमध्ये जाते. 2,600 सक्रिय राहिले तर हा आकार शून्य.

टेस्ट खात्यांबद्दल मात्र अर्धं खरं आहे, ते मान्य करतो. प्रत्येक चाचणीत 40 नवी खाती उघडली, दिवसाला 10 चाचण्या आणि महिन्याला 22 दिवस धरले, तर 8,800 साइन-अप झाले आणि ते सगळे मोजले जातात. चाचणी संपल्यावर खाती उडवली तरी पुढच्या चाचणीत पुन्हा नवी उघडतातच. 10 ठरलेली खाती पुन्हापुन्हा वापरली की महिन्याला 10 च मोजली जातील. नव्या नोंदणीची चाचणी तेवढी वेगळी ठेवावी लागते.

ऑफिसच्या ईमेलसारखे माणशी लायसन्स असतात, तिथे न वापरलेल्या खात्याचेही पैसे लागतात. बहुधा तिथलं गणित कोणीतरी इथे चिकटवलंय.