लांब वाक्य दिसलं की तोडा, विचार कसला करताय!

तुमच्याकडे कुणी मानव्यविद्येचा रिसर्च पेपर 'जरा भाषा सोपी कर' म्हणून दिलाय? अभिनंदन. आता वाचत बसू नका, स्वल्पविराम शोधा आणि प्रत्येकाच्या जागी पूर्णविराम ठोका.

'जरी', 'तरी', 'कारण', 'म्हणून' हे शब्द दिसले की लगेच उडवा, जागा खातात.

'असावं', 'बहुधा', 'निदान' वगैरे भित्र्या लोकांचे शब्द. काढा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, हे म्हणणं कुणाचं आहे ते वाचकाला अजिबात कळू देऊ नका. आता माझंच वाक्य घ्या, परवा 'सोपं' होऊन परत आलंय. मूळ असं होतं: 'छापील वाचनाच्या प्रसारामुळे मौखिक परंपरा मागे पडली असं जरी काही अभ्यासक मानत असले, तरी मोठ्याने वाचून दाखवण्याच्या सवयीमुळे ती, निदान सुरुवातीच्या काळात, छापील पुस्तकांच्याच आधाराने टिकली असावी.' लांब आहे, तोडायलाच हवं, म्हणून तर दिलं होतं! परत काय आलं? 'छापील वाचनाचा प्रसार झाला. मौखिक परंपरा मागे पडली. मोठ्याने वाचून दाखवण्याची सवय होती. ती पुस्तकांच्या आधाराने टिकली.' म्हणजे परंपरा दुसऱ्या वाक्यात मागे पडली आणि चौथ्यात टिकली, आणि दोन्ही मीच म्हणतोय! ज्यांच्याशी मी वाद घालतोय त्यांचं मत माझ्या नावावर, माझा अंदाज थेट निकाल झालेला, 'सुरुवातीच्या काळात' ही मर्यादा गायब, आणि शेवटी 'ती' म्हणजे परंपरा की सवय? व्याकरण बघाल तर सवय. सोपं झालं म्हणे. सोपं कसलं, उलटं झालं.

बरं, हे काही अवघड होतं का? 'छापील वाचनाच्या प्रसारामुळे मौखिक परंपरा मागे पडली, असं काही अभ्यासक मानतात. पण मोठ्याने वाचून दाखवण्याची सवय होती. त्या सवयीमुळे, निदान सुरुवातीच्या काळात, मौखिक परंपरा छापील पुस्तकांच्याच आधाराने टिकली असावी.' झाली तीन वाक्यं. 'काही अभ्यासक' पहिल्यातच अडकवले, 'जरी-तरी'चं काम एका 'पण'ने केलं, 'ती' काढून नाव परत लिहिलं, 'असावी' जिथे होतं तिथेच ठेवलं. एवढंच.

अहो, आधी वाक्यात मुख्य दावा कुठला, कारण कुठलं आणि दुसऱ्याचं मत कुठलं हे पेन्सिलीने खुणा करून बघा की, मग तोडा! तोडून झालं की तुकडे मनात परत जोडून बघा, मूळ वाक्य मिळत नसेल तर काहीतरी सांडलंय. आणि काही वाक्यं तुटतच नाहीत, अटीशिवाय दावा खोटा ठरत असेल तर अट शेजारच्या वाक्यात ढकलू नका, असू दे ते लांब. कळलं नाही तर समासात प्रश्नचिन्ह काढून विचारा ना. लेखक जिवंत आहे, फोनही उचलतो.